माडीवरचा राउटर वाटणी बिघडवत होता: खानापूरच्या घराची पुढची नोंद

मागच्या नोंदीत मुख्य राउटरवर केक, म्हणजे लाइनचे समान वाटे पाडणारा रांग-नियंत्रक, बसवून झाला होता, भाराखालचा पिंग ४०० वरून २५ मिलिसेकंदांच्या आसपास आला होता आणि काम संपलं असं वाटलं होतं. सोमवारी सकाळी साडेनवाला खानापूरच्या घरातून निरोप आला: "ओ, माडीवरचं परत अडखळतंय बघा. सोप्यात आजोबांचा कॉल मात्र एकदम स्वच्छ."

याच वाक्यात दुखणं दडलं होतं, पण ते कळायला चार दिवस गेले. लाइन खराब असती तर आजोबांचाही कॉल तुटला असता. एकाच घरात खाली नीट आणि वर तुटक असेल, तर पहिला संशय वायफायवर जातो. घर जांभ्याचं, भिंती दीड फुटी, त्यामुळे तो संशय रास्तच होता. पण माडीवर लॅपटॉप केबलने जोडूनही कॉल तसाच अडखळला, म्हणजे वायफाय सुटलं. मग जंपरची केबल बदलली, केकमधली अपलोडची मर्यादा ८५०० वरून ८००० केबीपीएस करून बघितली, फायरवॉलमधलं सॉफ्टवेअर फ्लो ऑफलोडिंग बंदच आहे ना तेही पुन्हा तपासलं. ते चालू राहिलं तर पॅकेट केकला वळसा घालून जातात आणि सगळी मांडणी नुसती कागदावर राहते. इथे ते बंदच होतं.

शेवटी मुख्य राउटरच्या डीएचसीपी यादीकडे, म्हणजे त्याने उपकरणांना वाटलेल्या पत्त्यांकडे, लक्ष गेलं. माडीवर लॅपटॉप, टॅब आणि फोन अशी तीन उपकरणं चालू होती. यादीत माडीची नोंद एकच: तिथल्या दुसऱ्या राउटरची. लॅपटॉपवरून हे चालवल्यावर खात्री पटली:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिला टप्पा 192.168.0.1, दुसरा 192.168.1.1. घरातच दोन खाजगी पत्ते लागोपाठ आले की समजायचं, मधला राउटर स्वतःचं नॅट करतोय, म्हणजे मागच्या उपकरणांचे पत्ते पुसून स्वतःचा लावतोय.

आता वाटणीचा हिशोब बघा. आपण केकच्या मांडणीत अपलोडला `nat dual-srchost` लावतो. त्यात केक आधी उपकरणांमध्ये समान वाटे पाडतो आणि मग प्रत्येक उपकरणाच्या वाट्यात त्याच्या जोडण्यांना समान हिस्सा देतो. `nat` हा शब्द राहिला तर बाहेर जाणारी सगळी पॅकेट एकाच वॅन पत्त्याची, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या पत्त्याची, दिसतात आणि अख्खं घर एक उपकरण ठरतं. तो शब्द लागला होता. `tc -s qdisc show dev pppoe-wan` मध्ये `nonat` नाही, `nat` दिसत होतं. पण मुख्य राउटरच्या नजरेला माडीवरची तिन्ही उपकरणं एकच होती, कारण त्यांचे पत्ते माडीवरच पुसले जात होते. मुख्य राउटरचं `nat` फक्त स्वतः केलेला बदल उलगडू शकतं, दुसऱ्याने केलेला नाही.

अपलोड ८.५ एमबीपीएस. खाली आजोबांच्या कॉलला १ लागतो आणि शिकवणीचे व्हिडिओ चढवणारा डेस्कटॉप मिळेल तेवढं घेतो. आजोबांचा १ वजा केला की राहिलेले ७.५ डेस्कटॉप आणि "माडी" यांच्यात अर्धे अर्धे, म्हणजे माडीला ३.७५. त्या वाट्यात लॅपटॉपचा बेंगळुरूच्या ऑफिसचा कॉल, टॅबवरचा वर्ग आणि फोनच्या फोटो बॅकअपच्या सहा जोडण्या, असे एकूण आठ प्रवाह. प्रत्येकाला जेमतेम ०.४७. व्हिडिओ कॉलला दीड हवा, मिळतो अर्धा. सकाळी चार्जर लावला की फोनचा बॅकअप सुरू होतो, म्हणून तक्रार नेमकी साडेनऊची.

उपाय स्वस्तात झाला. माडीवरच्या राउटरमध्ये आधी लॅन पत्ता 192.168.1.2 केला, डीएचसीपी बंद केलं, मग खालून आलेली केबल वॅनच्या खाचेतून काढून लॅनच्या खाचेत घातली. क्रम महत्त्वाचा आहे. डीएचसीपी चालू असताना केबल हलवली तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि निम्म्या उपकरणांना चुकीचा गेटवे मिळतो. काही राउटरांत अॅक्सेस पॉइंट मोड असा तयार पर्याय असतो, तो असेल तर तोच घ्यावा. नंतर प्रत्येक उपकरणाचं वायफाय एकदा बंद-चालू केलं.

आता यादीत पाच उपकरणं. समान वाटा १.७, म्हणजे दीडचे दोन्ही कॉल आणि आजोबांचा १ आपापल्या वाट्यात आरामात बसतात, उरलेले ४.५ बॅकअप आणि डेस्कटॉप वाटून घेतात. पुढच्या मंगळवारी सकाळी बॅकअप चालू असताना पाऊण तास वर्ग झाला, चित्र एकदाही गोठलं नाही. टॅबवर फळा ठळक दिसत होता, खडूची धूळसुद्धा. कोणालाही प्राधान्य न देता हे साधलं, ही या प्रयोगातली सगळ्यात समाधानाची गोष्ट. काही राउटरांच्या मूळ फर्मवेअरमध्ये एका उपकरणापुढे प्राधान्याची चांदणी लावायची जी सोय असते, तिच्यात बाकीच्यांचा वाटा कापला जातो आणि बँडविड्थचा आकडा न भरल्यास तिचा काहीच उपयोग होत नाही.

केबलबद्दल एक सूचना. बाजारात स्वस्त कॅट६ म्हणून बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार मिळते. क्रिंप करताना तार तुटते आणि जोडणी १०० एमबीपीएसवर घसरते. टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढुरकं दिसलं तर दुकानदाराला परत द्या. वायरलेस एक्स्टेंडर घेण्यापेक्षा वीस मीटर शुद्ध तांब्याची केबल कधीही बरी.

इथे थांबायचं ठरलं होतं. पण संध्याकाळी आठनंतर याच लाइनचा अपलोड ६ वर येतो असं लक्षात आलं. ८.५ ची मर्यादा तेव्हा फोल ठरते, रांग पुन्हा पुरवठादाराच्या बाजूला साचते. मर्यादा ५५०० ठेवली तर पाचांचा वाटा १.१, आणि दीडचा कॉल पुन्हा उपाशी. कॉलना वरचा दर्जा द्यावा असा विचार होता, पण सगळेच कॉल वरच्या रांगेत बसवले तर ती रांगच भरते. त्याऐवजी उलटं सुचलं: जड अपलोडच खालच्या रांगेत ढकलायचे. मुख्य राउटरवरच्या ओपनडब्ल्यूआरटीत `/etc/nftables.d/` मध्ये ही फाइल:

```
chain bulk_mark {
  type filter hook forward priority mangle; policy accept;
  oifname "pppoe-wan" ip saddr != 192.168.1.21 tcp dport 443 ct original bytes > 10000000 ip dscp set cs1
}
```

एका जोडणीतून १० एमबी वर गेलं की तिच्यावर `cs1` हा खालच्या दर्जाचा शिक्का बसतो, आणि केकच्या `layer_cake.qos` या मांडणीत तिची जागा बल्क, म्हणजे सगळ्यात खालच्या, रांगेत असते. `piece_of_cake.qos` असेल तर हा शिक्का वाया जातो, कारण त्यात रांग एकच. 192.168.1.21 हा ऑफिसचा लॅपटॉप. तो वगळला, कारण ऑफिसच्या जाळ्यातून कधी कधी कॉल टीसीपीवर उतरतो, आणि दीड एमबीपीएसचा कॉल ५३ सेकंदांत १० एमबी ओलांडतो. मग कॉललाच बॅकअप समजलं जाईल. त्या पत्त्याला डीएचसीपीत स्थिर नोंद द्या, नाहीतर उद्या तो टॅबकडे जाईल. यूडीपीवरून चढणारे बॅकअप आणि आयपीव्ही६ची रहदारी यात धरली जात नाही.

आठ वाजता मर्यादा ५५०० करायची आणि रात्री अकराला पुन्हा ८५००, ही ठरल्या वेळी आपोआप चालणारी क्रॉनची ओळ आज लिहितोय. तोपर्यंत बल्क रांगेत पॅकेट मोजली जातायत का ते `tc -s` मध्ये बघत राहायचं. काल रात्री पहिल्यांदा तो आकडा शून्यावरून हलला.