आठाचा सात

पिकअप विकणारे आप्पा दोंडाईच्याचे, घेणारा पोरगा साक्रीकडचा. दोघं एकाच गाडीतून माझ्या दुकानी आले, पण उतरताना एकमेकांशी बोलत नव्हते. धुळ्यात पारोळा रोडला मी गाड्यांची मीटरं दुरुस्त करतो. अशी न बोलणारी जोडी आली की भांडण किलोमीटरचं आहे हे मी धरूनच चालतो.

पोराने जुनं सर्व्हिसचं बिल माझ्यासमोर ठेवलं. जानेवारीचं होतं, त्यावर ७८,२४० किलोमीटर लिहिलेले. आता मे महिना चाललेला, आणि गाडीचं मीटर दाखवत होतं ७३,४१२.

"चार महिने मिरच्या वाहिल्या गाडीनं. मंग आकडा मांगे कसा गया?" पोरगा म्हणाला.

"भाऊ, मना हात बी लागेल नही मीटरले," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता. बिल त्यांनीच विश्वासाने दाखवायला काढलं होतं. ज्याला काटा मागे करून गाडी खपवायची आहे, तो जुनं बिल स्वतःहून हातात देत नाही. पण हा माझा अंदाज झाला, पुरावा नव्हे.

दुसरी तक्रार आप्पांनी जाता जाता सांगितली. रात्री मीटरची लाईट मंद असते, खड्ड्यात फडफडते, आणि किलोमीटरच्या खिडकीची डावी बाजू तर पार काळी. "ते तर जुनंच शे," म्हणाले. मला मात्र हे ऐकून काम सोपं झालं.

गाडी उन्हातून आली होती. मे महिन्यातलं धुळ्याचं ऊन, त्यात बंद काचेच्या आत तापलेला डॅशबोर्ड. एलसीडीची काच इतकी तापली की तिच्यात आकडे उमटायला लागणारा व्होल्टेज खाली येतो, म्हणून जे भाग बंद असायला हवेत तेही पुसट सावलीसारखे दिसू लागतात. गाडी सावलीत गार होईपर्यंत थांबा असं मी गिऱ्हाइकाला एरवी सांगतो. त्या दिवशी आधी वाकून नीट बघितलं. शेवटच्या चार आकड्यांच्या मागे पुसट ८ दिसत होता. दहा हजाराच्या घरातल्या ७ च्या मागे मात्र काही नव्हतं. त्याची डावी बाजू, मधली आडवी आणि खालची आडवी, सगळं कोरं. तिथे वीज पोहोचतच नसेल तरच असं होतं.

मग चावी बंद करून पुन्हा दिली. या मीटरात चावी दिल्यावर क्षणभर सगळे भाग एकदम पेटतात, प्रत्येक घरात ८ दिसतो. दोघांनाही खिडकीतून बघायला लावलं. सगळीकडे ८ आले, त्या एका घरात ७.

पोरगा म्हणाला, "म्हणजे मीटर खराब. त्यात काय सिद्ध झालं?"

मी कागद घेऊन सात कांड्यांचा ८ काढला. वर, मध्ये आणि खाली एकेक आडवी, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या. प्रत्येक कांडीला वेगळी तार द्यायची तर काचेच्या काठावर जागाच पुरणार नाही, म्हणून तारा वाटून दिलेल्या असतात. या मीटरात एका आकड्याला दोनच तारा, आणि चार सामाईक तारा सगळ्या आकड्यांच्या मिळून. सामाईक तार गेली तर प्रत्येक आकड्यातल्या त्याच त्या कांड्या गायब होतात, आणि असं मीटर पहिल्या दिवशीच ओरडून सांगतं. पण आकड्याची स्वतःची एक तार सुटली तर फक्त त्याच घरातल्या चार कांड्या जातात. इथे डावीकडच्या दोन, मधली आणि खालची अशा चार गेल्या होत्या. उरल्या वरची आडवी आणि उजवीकडच्या दोन उभ्या. म्हणजे स्वच्छ, शंका न येणारा ७.

आता गंमत बघा. या घरात ० आला तरी ७ दिसणार, ३ आला तरी ७, ८ आणि ९ आले तरी ७. खरा ७ असेल तर तो ७ च. २, ५ किंवा ६ असता तर अर्धवट चिन्ह दिसून कुणाच्याही लक्षात आलं असतं. आप्पांची गाडी सत्तर हजारांत असताना ही तार सुटली असेल, तर तेव्हा मीटर अगदी बरोबर दिसत होतं. ७९,९९९ नंतर खरा आकडा ८०,००० झाला, आणि मीटरवर दिसले ७०,०००.

"आणि ती बाजू रात्री काळी," मी म्हटलं. आप्पा माल भरून रात्रीच निघायचे, ते कशाला बघतील?

पोराचा विश्वास बसला नव्हता, आणि ते बरोबरच होतं. कागदावर काहीही काढता येतं. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह काढून मीटर बाहेर घेतलं, दोघांना टेबलाशीच बसवलं आणि सांगितलं की किलोमीटर एका मेमरी चिपमध्ये असतात, वीज गेली तरी ते पुसत नाहीत, आणि मी त्या चिपजवळ कुठलंही यंत्र लावणार नाही. पुढची काच उतरवून मीटर टेबलावरच्या सप्लायवर चालू केलं. एलसीडीच्या चौकटीच्या कडेला अंगठ्याने हलकेच दाबलं. ७ चा ८ झाला. अंगठा काढला, पुन्हा ७.

"दाबून किलोमीटर वाढतात का?" पोराने विचारलं. तो थट्टा करत नव्हता. मी त्यालाच दाबायला दिलं. दोन-चारदा दाबून बघितल्यावर तो खुर्ची पुढे ओढून बसला.

ही काच सर्किटला सोल्डर केलेली नसते. मध्ये झेब्रा असतो, रबराची एक बारीक पट्टी. वीज नेणारे काळे आणि न नेणारे फिके थर एकाआड एक असे तिच्यात इतके बारीक असतात की सर्किटच्या प्रत्येक पट्टीवर बरेच काळे थर बसतात. ती दाबाखाली असते तोवर जोड टिकतो. दाब कमी झाला किंवा मध्ये चिकटा आला की तेवढीच एखादी तार सुटते. काही मीटरांत झेब्राऐवजी उष्णतेने चिकटवलेली रिबन असते. तिथे जुनं चिकट द्रव्य सुटतं, मग सिलिकॉनच्या पट्टीवरून बेताचा गरम केलेला चपटा टोच फिरवून ती पुन्हा बसवावी लागते, आणि ते काम टिकेलच याची हमी मी देत नाही. काचेच्या काठाचाच टवका उडाला असेल तर काहीच करता येत नाही, दुसरी काच शोधावी लागते.

इथे काच शाबूत होती. झेब्रा उचलला आणि त्याच्या टोकाशी सोल्डरिंगच्या फ्लक्सचा पिवळट डाग दिसला, त्यात बोटाचा ठसा. चौकटीचा त्या बाजूचा स्क्रूही अर्धाच आवळलेला. कुणीतरी हे मीटर आधी उघडलं होतं.

"लाईट गेली व्हती, तवा एकाकडून करून लिधी व्हती," आप्पांना आठवलं. "जानेवारीमाच. सर्व्हिस झाल्यावर लगेच."

दोन्ही तक्रारी एकमेकींना तिथे भेटल्या. सर्किटच्या मागे या खिडकीसाठी तीन पांढरे एलईडी एकापाठोपाठ जोडलेले होते, पुढे ३०० ओहमचा एक रेझिस्टर. साखळीत एक एलईडी तुटला की तिन्ही विझतात, म्हणून आप्पांची लाईट पूर्ण गेली होती. त्या माणसाने मेलेला एलईडी बदलला नाही, त्याच्यावरून वायरचा तुकडा टाकून दिला. उरलेले दोन पेटले, गिऱ्हाईक खूष, पण डावीकडचा कोपरा अंधारात राहिला. आणि दहा हजाराचं घर त्याच कोपऱ्यात.

अशी वायर टाकल्यावर काय होतं हे मल्टिमीटर लावून दाखवता येतं. गाडी चालू असताना लाईन १३.८ व्होल्ट धरा. एक पांढरा एलईडी साधारण ३.१ व्होल्ट घेतो, तीन मिळून ९.३. उरलेले ४.५ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, म्हणजे १५ मिलिअँपिअर. एक एलईडी गाळला की रेझिस्टरवर ७.६ व्होल्ट येतात आणि करंट होतो २५ मिलिअँपिअर. माझ्या मल्टिमीटरवर ७.६ च आले. हे एलईडी जास्तीत जास्त २० चे. ते जास्त करंटवर आधी झगझगीत वाटतात, मग तापून लवकर मंदावतात. रेझिस्टरचंही तेच. तो पाव वॉटचाही नाही, वॉटच्या आठव्या भागाचा, म्हणजे ०.१२५ चा. आधी त्यात ०.०७ वॉट जळत होते, आता ०.१९. तापून-गार होऊन त्याच्या सोल्डरला गोल भेग पडली होती. भिंगाखाली ती स्पष्ट दिसली, आणि काडीने टोचताच लाईट फडफडली. खड्ड्यातली फडफड ती हीच. ही फडफड खड्ड्याऐवजी इंजिनाच्या आवाजाबरोबर कमी-जास्त होत असती, तर मी मीटर उघडण्याआधी अल्टरनेटर आणि अर्थिंग तपासलं असतं.

तिन्ही एलईडी बदलले. एकच बदलला तर तो नवा आणि दोन थकलेले असा ठिगळासारखा उजेड दिसतो. रेझिस्टर तेवढ्याच ओहमचा नवा टाकला, वायर काढली, करंट मोजला, १५ आला. सर्किटच्या पट्ट्या आणि काचेचा काठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. पेट्रोल किंवा थिनर इथे चालत नाही, काचेवरचा पोलरायझरचा पातळ थर कायमचा डागाळतो. झेब्राही पुसून पालथा करून बसवला, आणि चौकटीचे स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणले.

मीटर चालू केलं. सगळीकडे ८ आले, मग आकडा स्थिरावला, ८३,४१२. पोराने लगेच मोबाईलवर वजाबाकी केली. जानेवारीपासून ५,१७२ किलोमीटर. मिरच्यांच्या हंगामाला ते पटण्यासारखं होतं. त्याने फोटो काढायला कॅमेरा लावला, तर पडद्यावर लाईट पट्ट्या-पट्ट्यांनी फडफडताना दिसली, आणि गडी पुन्हा शंकेत. पार्किंग लाईट चालू होते. रात्रीसाठी उजेड कमी करताना हे मीटर एलईडीला डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने चालू-बंद करतं, ते कॅमेऱ्याला पकडता येतं. हा दोष नाही. एवढ्यासाठी मीटर घेऊन येणारेही भेटतात मला.

आता आप्पा अडचणीत आले. त्यांची बदनामी टळली, पण गाडी एका तासात दहा हजार किलोमीटरने जुनी झाली. पोराने तेवढ्यावर भाव पाडायला सुरुवात केली. आप्पा म्हणाले, "गाडी तीच शे ना भो, सकाळी चालवून बघी तीच." ते दोघं दुकानाबाहेर चहा घेत बराच वेळ घासाघीस करत बसले. मी मध्ये पडलो नाही.

बिलावर मी आधीचा दिसणारा आकडा, नंतरचा आकडा, काय बदललं आणि मेमरीला हात लावलेला नाही, एवढं लिहिलं. दोघांनी त्यावर सह्या केल्या. सौदा ठरला तो कितीला हे मला सांगितलं नाही, पण माझे पैसे दोघांनी निम्मे निम्मे दिले. ती टाकलेली वायर मात्र आप्पांनी मागून घेतली. ती त्यांना ज्याच्याकडे न्यायची होती त्याचा पत्ता मी विचारला नाही.