‘उशीर का झाला?’ हा प्रश्न न विचारता लिहिलेला मेल

चिकोडी भागातल्या उसाला पाणी देणाऱ्या मोटरीसाठी आम्ही तिघं मिळून एक कंट्रोलर करत होतो. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्रॅम माझ्याकडे, बोर्डाचा लेआउट दुसऱ्याकडे आणि पत्र्याचा डबा उद्यमबागेत करून घ्यायचं काम तिसऱ्याकडे. लेआउटची तारीख तीनदा हुकली तेव्हा लेआउटवाल्या मित्राला मेल लिहायला बसलो. पहिला मसुदा पुसला, कारण त्यात ‘नेहमी’ आणि ‘परत’ हे शब्द चार वेळा आले होते. त्यांवर वाद होतो, तारखांवर होत नाही.

म्हणून आधी फाइलींचा इतिहास काढला:

```
git log --date=short --format="%ad %an %s" -- hardware/
```

त्यात दिसलं ते मला अपेक्षित नव्हतं. तीनपैकी दोन उशिरांची सुरुवात त्याच्या टेबलावर झालेलीच नव्हती.

पहिला माझ्यामुळे. मोटर चालू-बंद करणारा रिले मी आधी ईएसपी३२च्या GPIO 12 या पायावर ठेवला होता. मॉड्यूल सुरू होताना हा पाय हाय असला की फ्लॅश चिपला ३.३ऐवजी १.८ व्होल्ट मिळतात आणि ती वाचताच येत नाही. आमच्या रिलेच्या सर्किटमध्ये पायाला हायकडे खेचणारा पुल-अप होता, त्यामुळे स्क्रीनवर सारखं `flash read err, 1000` येत राहिलं. मी रिले GPIO 23 वर नेला. निर्णय बरोबर होता, पण कळवला चॅटमधल्या एका ओळीत, त्याच्या तारखेच्या दोन दिवस आधी. हा पाय मॉड्यूलच्या दुसऱ्या बाजूला येतो. रिलेकडे मोटरीच्या स्टार्टरची वायर येते आणि त्या भागापासून बाकीचे ट्रॅक आम्ही किमान ६ मिलिमीटर लांब ठेवतो. म्हणजे एक ट्रॅक हलवून भागत नाही, अर्धा बोर्ड पुन्हा मांडावा लागतो.

दुसरा उशीर रिलेच्या नमुन्यामुळे. तो नमुना डबा करणाऱ्याकडे मापासाठी गेला आणि तिथेच राहिला. हातात रिले नसताना त्याच्या पायांची भोकं नक्की कशी करणार? तिसऱ्या उशिराचं कारण इतिहासात सापडलं नाही. तिथे अंदाज न लावता विचारायचं ठरवलं.

मग तारखा उलट्या मोजल्या. शेतात ३० नोव्हेंबरला चालू हवं. डबा बसवणं आणि शेतातली चाचणी ५ दिवस, सोल्डरिंग आणि टेबलावरची चाचणी ४ दिवस, बोर्ड बनून कुरिअरने येईपर्यंत १० दिवस. म्हणजे ऑर्डर ११ला जायलाच हवी. १ तारखेला पाठवलेला मेल असा:

«मित्रा, ऑर्डर ११ नोव्हेंबरला गेली तरच ३०ला मोटर चालेल, हिशेब खाली जोडलाय. आधीच्या दोन उशिरांचं मूळ पिनांचा बदल आणि अडकलेला रिले यांत आहे. पहिली चूक माझी. म्हणून ३ तारखेला मी पिनांचा तक्ता पक्का करतो, त्यानंतर बदल करायचा तर आधी तुला फोन करूनच. ४ला रिले तुझ्या घरी पोहोचवतो. ७ला अर्धवट लेआउट टाकशील का? ट्रॅक अपुरे चालतील, फक्त रिले, टर्मिनल आणि मॉड्यूल जागेवर हवेत, म्हणजे डब्याची भोकं पाडता येतील. १०ला सॉफ्टवेअरमधली डीआरसी तपासणी आणि कागदावरची तपासणी. यातली कुठली तारीख तुला जमणारी नाही, आणि कुठलं काम माझ्याकडे दिलंस तर बरं पडेल?»

शेवटचा प्रश्न मुद्दाम असा ठेवला. ‘जमेल ना?’ म्हटलं की आपल्याकडे माणूस भिडेखातर हो म्हणतो. ‘कुठली जमणारी नाही’ म्हटलं की नाही म्हणायला जागा मिळते. आणखी एक, मेल फक्त त्यालाच पाठवला. तिसऱ्याला कॉपीत घेतलं असतं तर तोच मजकूर तक्रार झाला असता.

उत्तर त्याच रात्री आलं. नोकरीमुळे त्याला लेआउटला शनिवार-रविवारच मिळतात, तिसऱ्या उशिराचं कारणही तेच. आम्ही मात्र तारखा आठवड्याच्या मधल्या वारांना धरत आलो होतो. ७ऐवजी ९ला, रविवारी देतो म्हणाला. ११ तर हलणार नव्हती, म्हणून कागदावरची तपासणी मी घेतली.

ही तपासणी सोपी आहे आणि बोर्डाचा खर्च वाचवते. लेआउट शंभर टक्के मापात छापायचा, प्रिंटरचं ‘पानावर बसवा’ बंद ठेवायचं आणि एका ज्ञात अंतरावर पट्टी लावून माप खरं आलं का बघायचं. मग कागद थर्माकोलवर ठेवून खरा रिले त्यात टोचायचा. आमच्या रिलेचे चार पाय बरोबर गेले, पाचवा, कॉइलचा, भोकाच्या कडेवर टेकला. मी फोटो पाठवला, त्याने १०ला रिलेच्या भोकांची मांडणी, म्हणजे फूटप्रिंट, दुरुस्त केली आणि ऑर्डर ११ला गेली.