बोर्डरूममधली घूंघूं: माझा अनुभव

पुण्यातल्या एका ऑफिसचं काम, एएचयू म्हणजे एसीची हवा ढकलणारं मोठं मशीन, त्याची रूम आणि बोर्डरूमला भिंत एकच. ड्रॉइंग बघितलं तेव्हाच म्हटलं होतं की मध्ये निदान स्टोअर तरी टाका, पण कोण ऐकतंय. टार्गेट एनसी-30, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सी बँडला आवाजाची ठरलेली मर्यादा. भिंत, दाराचे सील, सप्लाय-रिटर्न डक्टमधले आवाज शोषणारे अटेन्युएटर, सगळं नीट झालं, त्याबद्दल तक्रार नाही.

एएचयू चालू केला आणि बोर्डरूममध्ये घूंऽऽऽ. मीटर लावला तर बाकीचे सगळे बँड एनसी-30 च्या आत, फक्त 125 हर्ट्झला 57 डेसिबल, तिथे 48 च चालतात. एनसीमध्ये सरासरी नसते, सगळ्यात वर गेलेला बँड धरतात, म्हणून एवढ्या एकाने अख्खी खोली एनसी-41 वर नेली.

सप्लायर म्हणे अटेन्युएटर कमी पडतोय, अजून एक टाका. मीही घाईत होतो, टाकला. 57 चे 58 झाले! डक्टमध्ये अडथळा वाढला, तेवढीच हवा द्यायची म्हणून ड्राइव्हवरून फॅनचा स्पीड वाढवला, आणि फॅन अजून ओरडायला लागला. तीन आठवडे सप्लायरशी रोज मेलामेली, दर वेळी उत्तर एकच, "फॅनखाली स्प्रिंग दिल्यात सर, 25 मिमीच्या."

शेवटी वैतागून एका रविवारी बोर्डरूममधले डक्टच्या तोंडांवरचे सगळे डिफ्यूझर ग्लासवूल आणि प्लायने ठासून बंद केले. घूंघूं तशीच. म्हणजे आवाज डक्टमधून येतच नव्हता, स्लॅबमधून येत होता. (हे आधी करा, अटेन्युएटर विकत घेण्याआधी.) फॅन 1200 आरपीएम, म्हणजे सेकंदाला 20 फेऱ्या, पाती 7, गुणाकार 140 हर्ट्झ, बरोबर त्याच बँडमध्ये. स्प्रिंग 25 मिमी दबली की तिची स्वतःची फ्रिक्वेन्सी 3 हर्ट्झच्या आसपास, मग फॅनची थरथर खाली जायलाच नको.

एएचयू बंद करून, विजेच्या आयसोलेटर स्विचला कुलूप लावून आत शिरलो. फॅनची फ्रेम हाताने दाबली की खालीवर डुलायला पाहिजे, ही ढिम्म. टॉर्च मारला तर स्प्रिंगच्या बाजूला ट्रकमध्ये फॅन हलू नये म्हणून लावलेल्या लाल पट्ट्या, चारही कोपऱ्यांत, बोल्टसकट. कमिशनिंगच्या चेकलिस्टवर मात्र "काढल्या" अशी टिक! पट्ट्या काढल्यावर 50 आले. उरलेलं ड्रेन पाइपमधून येत होतं, प्लंबरने तो भिंतीच्या भोकात सिमेंटने पक्का केला होता. भोक मोठं करून रबराची स्लीव्ह घातली, 47.

हो, अटेन्युएटर घेताना एकच डेसिबल आकडा घेऊ नका, 125 ला किती कमी करतो ते बँडप्रमाणे मागा, आखूड अटेन्युएटर तिथे फारसं काही करत नाही. आणि तो भिंतीलाच बसवा, नाहीतर एएचयू रूममधला आवाज पत्र्यातून पुन्हा डक्टमध्ये घुसतो.

दुसरा अटेन्युएटर काढला, स्टोअरमध्ये पडलाय. त्याचं बिल कोणाच्या खात्यात यावर अजून मेल चालू आहेत.