जुन्या सिमवरचे मेसेज स्मार्टफोनवर: हर्णैच्या सिमची नोंद

या वेळचं सिम हर्णैच्या काकूचं. काका ट्रॉलरवर असायचे आणि बंदरात शिरण्याआधी रेंज मिळाली की मेसेज टाकायचे. ते सगळे साध्या फोनमध्ये, सिमवर साठलेले. सिम केव्हाच बंद झालंय, पण वाचायला नेटवर्क लागत नाही, त्यामुळे काळजी नव्हती.

सिम आधी स्मार्टफोनमध्ये घालायचा मोह टाळला. जुनं मोठं सिम नॅनोच्या मापात कापताना चिपलाच कात्री लागू शकते, शिवाय सिमवरचे मेसेज दाखवण्याची सोय आता मोजक्याच फोनमध्ये उरली आहे. आयफोन तर सिमवरून फक्त नंबर घेतो, मेसेज नाही. म्हणून लॉक नसलेलं जुनं यूएसबी डोंगल काढलं, त्यात मोठं सिम तसंच बसतं. खाऱ्या हवेने सिमचे संपर्क काळवंडले होते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसले, वाळू दिले आणि मग सिम बसवलं.

संगणकावर PuTTY उघडून डोंगलच्या COM पोर्टवर एवढंच टाइप केलं:

```
AT+CPIN?
AT+CPMS="SM"
AT+CMGF=0
AT+CMGL=4
```

पहिल्या ओळीला READY आलं की पिनची अडचण नाही. पिन मागितला तर अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की पीयूके लागतो, आणि बंद सिमचा पीयूके कंपनीकडून मिळवणं फार अवघड. दुसरी ओळ फोनची नव्हे, सिमची जागा निवडते. तिसऱ्या ओळीतला शून्य सगळ्यात महत्त्वाचा: तो मेसेज कच्च्या रूपात देतो. तिथे 1 दिला तर मजकूर लगेच वाचता येतो, पण लांब मेसेजचे तुकडे कसे जोडायचे ती माहिती हातची जाते. चौथी ओळ, CMGL, त्या जागेतले सगळे मेसेज ओळीने दाखवते.

कच्च्या ओळी डोळ्यांना भीतीदायक दिसतात, पण त्यांची रचना सरळ आहे. पाठवणाऱ्याच्या नंबरानंतर दोन जोड्या सोडून येणारा हा भाग बघा:

```
90607081240122 07 CEF4191D66BF01
```

पहिली चौदा अक्षरं म्हणजे तारीख-वेळ, प्रत्येक जोडीतले अंक उलटे. उलटून वाचलं की 09-06-07, 18:42:10. शेवटचा 22 म्हणजे पाव तासांत मोजलेला फरक: बावीस पाव तास म्हणजे साडेपाच तास, आपली भारतीय वेळ. म्हणजे मेसेज ७ जून २००९ च्या संध्याकाळचा. पुढचं 07 ही अक्षरांची संख्या, आणि उरलेलं सात-सात बिटांत दाबून भरलेलं "Nighalo". पाऊस तोंडावर आलेला, होड्या किनाऱ्याला लागायच्या बेतात असण्याचे ते दिवस. काकू तारीख बघून म्हणाली, "बरोबर, त्याच आठवड्यात जाळी घरी आली."

लांब मेसेजच्या मजकुराआधी 050003 आणि त्यानंतर तीन जोड्या येतात: गटाचा क्रमांक, एकूण तुकडे, हा कितवा. गट आणि नंबर जुळले की तुकडे क्रमाने चिकटवायचे. सिमवरच्या जागेचा क्रम मात्र धरू नका. एखादा मेसेज पुसला की पुढचा त्या रिकाम्या जागेत बसतो, त्यामुळे पहिल्या जागेवर सगळ्यात नवा मेसेजही असू शकतो. एका मेसेजचा मधला तुकडा सिमवर नव्हताच, तिथे मी कंसात "तुकडा नाही" लिहिलं.

फोनवर नेण्यासाठी एसएमएस बॅकअप अँड रिस्टोअर हे ॲप वापरलं. त्याच्या फाइलचा साचा घेऊन प्रत्येक मेसेजची ओळ बनवली:

```
<sms address="..." date="1244380330000"
 type="1" read="1" body="Nighalo" />
```

तारीख इथे १ जानेवारी १९७० पासूनच्या मिलिसेकंदांत लागते. गणित करताना आधी साडेपाच तास वजा करा, नाहीतर संध्याकाळचा मेसेज मध्यरात्रीचा होतो. type="1" म्हणजे आलेला. रिस्टोअर करताना त्या ॲपला काही वेळ डीफॉल्ट मेसेज ॲप करावं लागतं, काम झालं की परत मूळ ॲप निवडा. मेसेज आता आपापल्या तारखेला, काकांच्या नावाच्या संवादात बसले आहेत.

काकूने पाठवलेल्यांचं काय, हा प्रश्न उरला. सिमवर साठवलेल्या पाठवलेल्या मेसेजला वेळच नसते, कारण ती वेळ मेसेज केंद्र येणाऱ्या मेसेजवर लावतं. अंदाजाने तारीख ठोकणं मला पटलं नाही. ते वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये, तारखेविना ठेवले.

आता पुसलेल्यांचा शोध. काही जुने फोन मेसेज पुसताना नोंदीचा फक्त पहिला बाइट शून्य करतात, मजकूर तसाच राहतो. CMGL या रिकाम्या जागा दाखवत नाही, म्हणून पुढच्या नोंदीत स्मार्ट कार्ड रीडर आणि सिम वाचणारं pySim लावून EF.SMS ही सिमवरची मेसेजची फाइल थेट वाचणार आहे. पहिला बाइट 00 आणि पुढे सलग FF दिसले तर तिथे काही उरलेलं नाही.