जिन्याच्या दिव्याला दोन फेज

गुहागरला समुद्रालगतच्या एका घरी हे काम निघालं. खाली काकूंचं बिऱ्हाड, माडीवर पर्यटकांसाठी दोन खोल्या आणि मधल्या जिन्यात एकच दिवा, खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही बटणांनी लागणारा. मोबाईलवरून चालावा म्हणून कुणीतरी त्याला स्मार्ट रिले बसवून दिला होता. काकूंनी दारातच तक्रार सांगितली, "बटण बंद केलं की मोबाईलमधला जिना गायब होतो रे!"

कारण त्या वाक्यातच होतं. टू-वेमध्ये खालच्या स्विचच्या कॉमनला फेज असतो, दोन वायरी खालून वर जातात आणि वरच्या स्विचच्या कॉमनमधून निघालेली वायर दिव्याकडे जाते. आधीच्या माणसाने छतातल्या डबीत रिले ठेवून त्याच्या L ला, म्हणजे फेजच्या टर्मिनलला, तीच दिव्याकडची वायर दिली होती. मग बटणाने दिवा बंद झाला की रिलेचाच प्राण जायचा. ॲप बिचारं कुणाशी बोलणार?

रिलेला फेज आणि न्यूट्रल कायमचे हवेत. स्विचकडून येणारी वायर SW ला लावायची, म्हणजे ती फक्त निरोप देईल, आणि दिवा O वर घ्यायचा. छतात न्यूट्रल होता, स्विचची वायर होती. कमी होता तो एक कायमचा फेज. वरच्या बोर्डात चार्जिंगचा सॉकेट होता. तिथून छतापर्यंत हातभर पाइप, पाच मिनिटांचं काम. मी वायर सोडलीसुद्धा.

जोडण्याआधी दोन्ही वायरींना टेस्टर लावला, दोन्हीकडे पेटला. बहुतेक जण इथेच थांबतात. पण टेस्टर फेज आहे एवढंच सांगतो, कुठला ते सांगत नाही. मला सॉकेटच्या पट्टीचा स्क्रू नवा दिसला, बाकीचे खाऱ्या हवेने हिरवे पडलेले, म्हणून शंका आली. स्विच चालूच्या स्थितीत ठेवून मल्टिमीटरची एक पिन स्विचच्या वायरीला आणि दुसरी सॉकेटवरून आणलेल्या फेजला लावली. एकाच फेजच्या दोन वायरी असत्या तर शून्य यायला हवं होतं. आकडा आला ४०४.

"काकू, मीटर थ्री फेजचा आहे का?"

"हो, वरती एसी लावले तेव्हा घेतला. माडीचं सगळं वेगळं केलंय."

म्हणजे खालचे दिवे एका फेजवर आणि माडी दुसऱ्यावर. न्यूट्रलशी दोन्हीकडे २३३ व्होल्ट, पण एकमेकांत त्याच्या पावणेदोन पट. मी जोडणी केली असती तर रिलेच्या L आणि SW मध्ये ४०४ व्होल्ट आले असते. आतलं सर्किट त्यासाठी बनवलेलंच नसतं. आणि माडीचाही फेज योगायोगाने तोच निघाला असता, तरी ते चूकच होतं. दिव्याचा करंट माडीच्या एमसीबीतून जाऊन खालच्या न्यूट्रलने परतला असता. मजल्यागणिक वेगळा आरसीसीबी असेल तर जाणारा आणि परतणारा करंट जुळत नसल्याने तो दिवा लागताच पडतो आणि माणूस दिवसभर लीकेज शोधत बसतो.

तेव्हा फेज खालच्याच बोर्डातून आणायचा ठरवला. दोन्ही मजल्यांचे एमसीबी पाडले, खालच्या स्विचच्या कॉमनला येणाऱ्या फेजवरून एक एमएमची नवी वायर घेतली आणि जिन्याच्या पाइपात स्प्रिंग घातली. वळणावर ती अडली. पाइपात पावडर सोडून काकूंचा पुतण्या वरून ओढतोय, मी खालून ढकलतोय, असा पाऊण तास गेला. दिव्याचा न्यूट्रल खालच्याच पट्टीवर येतो हेही कंटिन्युइटीने पाहून घेतलं.

छतात नवी वायर L वर, न्यूट्रल N वर, स्विचची जुनी वायर SW वर आणि होल्डरची O वर. अशी जोडणी SW वर २३० व्होल्ट घेणाऱ्या रिलेलाच चालते. काही रिलेंना S1 आणि S2 अशी टर्मिनलं असतात, त्यांवर बाहेरून फेज दिला की रिले जळतो. म्हणून आधी त्यावरची आकृती वाचली होती.

वीज सुरू केली. ॲपवरून दिवा लावला आणि काकूंनी खालचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर विझला. रिले Toggle वर होता, म्हणजे SW वर फेज आला की चालू, गेला की बंद. ॲपने परस्पर दिवा लावल्यावर बटण आणि दिवा यांचा मेळ तुटतो. सेटिंग Edge केलं. आता SW वर फेज येवो वा जावो, प्रत्येक बदलाला दिवा आपली स्थिती उलटवतो. टू-वेच्या जोडीत कुठलंही बटण दाबलं तरी SW बदलतेच, त्यामुळे दोन्ही बटणं चालतात. दोन्ही बटणांच्या चारही स्थितींत, दर वेळी ॲपवरून एकदा चालू-बंद करून मग बटण दाबून पाहिलं.

निघताना वरच्या बोर्डाच्या प्लेटमागे मार्करने लिहून ठेवलं: "माडीचा एमसीबी बंद केला तरी इथे खालचा फेज येतो. दोन्ही पाडा." पुतण्याला ते मोठ्याने वाचायला लावलं, कारण पुढच्या वेळी प्लेट तोच उघडणार होता.