सव्वासहाची दिवेलागण

“तुमच्या कथेतला वॉचमन दिवसभर घरीच असतो. मग त्याला घरच्यांची संध्याकाळ कशी काय चुकते?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कथेतला माणूस बव्हंशी माझे वडील आहेत. बदलापूरच्या एका खोलीत आम्ही राहत होतो आणि ते दादरच्या एका सोसायटीत रात्री आठ ते सकाळी आठ अशी ड्यूटी करीत. चोवीस तासांच्या आठ-आठ तासांच्या पाळ्या केल्या तर तीन माणसांचा पगार द्यावा लागतो, बारा-बारा तासांच्या केल्या तर दोघांतच काम भागते. बहुतेक सोसायट्यांतील वॉचमनच्या आयुष्याचे वेळापत्रक या एका हिशेबातून ठरते. आठला चार्ज घ्यायचा म्हणजे साडेसहाची गाडी पकडायची आणि त्यासाठी सव्वासहाला घर सोडायचे.

सकाळी परतताना गर्दी उलट्या दिशेची असल्याने त्यांना बसायला जागा मिळे, पण तिथेच डोळा लागे. म्हणून ते कर्जतची गाडी सोडून बदलापूरलाच संपणारी गाडी धरीत, कारण एकदा ते झोपेत नेरळपर्यंत गेले होते. पावणेदहाला घरी येऊन, चहा-पोळी खाऊन ते साडेदहाला आडवे होत आणि तीनच्या सुमारास जागे होत. आईने खिडकीला काळे कापड लावले होते, तरीही झोप साडेचार तासांपलीकडे जात नसे. शरीराचे घड्याळ मुख्यतः उजेडावर चालते. रात्रभर जागून सकाळच्या उन्हातून घरी येणाऱ्या माणसाला ते दिवस सुरू झाल्याचीच वर्दी देते. त्यात कुकरच्या शिट्ट्या आणि भंगारवाल्याची हाक. आम्ही भावंडे शाळेतून आलो की चपला हातात घेऊन आत शिरायचो, इतके ते घर दुपारी मुके असे.

कथेच्या पहिल्या खर्ड्यात मी त्यांना मध्यरात्री गेटजवळच्या खुर्चीत बसवून घरची आठवण काढायला लावले होते. वडिलांनी तो वाचला आणि म्हणाले, “रात्री आठवण नाही येत रे. रात्री साडेतीन-चारला डोळे उघडे ठेवण्यातच सगळी ताकद जाते. जीव जातो तो संध्याकाळी चार ते सहा.” त्या दोन तासांत ते घरात असत, पण दाढी, अंघोळ, डबा, युनिफॉर्मची इस्त्री यांतच असत. घर हळूहळू संध्याकाळीकडे निघालेले असे आणि ते घराबाहेर. हे कळल्यावर मी रात्रीची सगळी पाने काढून टाकली.

आठवड्याच्या सुट्टीने ही भरपाई होत असेल, असे अनेकांना वाटते. रिलीव्हर आला तर ती सुट्टी मिळे, नाही आला तर डबल ड्यूटी. मिळालीच तर आठला ताटावर त्यांच्या पापण्या मिटत आणि दोनला ते टक्क जागे होऊन काळोखात बसून राहत, कारण एका रात्रीत शरीराची सवय पालटत नाही.

मात्र वर्षातले काही आठवडे वेगळे होते आणि कथा त्याच आठवड्यांची आहे. आमच्याकडे सूर्यास्त जुलैच्या सुरुवातीला सातवीसच्या सुमारास होतो, तर नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास. त्यामुळे साधारण दिवाळीपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत वडील घरात असतानाच आई देवापाशी दिवा लावी आणि माझी धाकटी बहीण ‘शुभंकरोति’ म्हणे. ते खांद्याला पिशवी लावून उभ्यानेच ऐकत. मग दिवस मोठा होऊ लागे आणि एका संध्याकाळी दिवा लागण्याआधीच त्यांची वेळ होई.

दुसऱ्या खर्ड्यात मी त्या दिवशी वॉचमनच्या बायकोकडून दिवा लवकर लाववला होता. आईने ते मोडून काढले. दिवेलागण आपल्या सोयीने होत नाही, असे ती म्हणाली, आणि मला ते पटले. मग उशिराची गाडी पकडायला काय हरकत होती? हा प्रश्न मी वडिलांना विचारला आणि उत्तर मिळाले ते मला आधी ठाऊक नव्हते. दिवसपाळीचा वॉचमन रात्रपाळीचा माणूस येईपर्यंत गेट सोडू शकत नाही. वडिलांच्या सोसायटीतला दिवसपाळीचा माणूस कळव्याला राहत असे, आठला सुटला तरी नऊ-सव्वानऊला घरी पोहोचे आणि त्याचा मुलगा तोवर पेंगुळलेला असे. वडिलांनी घरी काढलेली पंधरा मिनिटे त्या मुलाच्या वाट्यातून गेली असती.

म्हणून कथेत जानेवारीच्या त्या संध्याकाळी तो बुटाची नाडी बांधतो, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि सव्वासहालाच निघतो. त्याच्या घरी दिवा लागतो तेव्हा तो फलाटावर पोहोचलेला असतो.