हरभऱ्याचं बी, भुंगा आणि चार चिठ्ठ्या

रविवार, रात्री

मार्केटिंगच्या पेपरचं प्रात्यक्षिक या आठवड्यात जमा करायचं आहे. एका नव्या वस्तूची व्हॅल्यू प्रपोझिशन, म्हणजे गिऱ्हाईकाने दुसरं सोडून हीच वस्तू का घ्यावी ते सांगणारं वाक्य, लिहायची आणि ती बाजारातल्या बाकी पर्यायांपुढे टिकते का, ते तपासायचं. आमच्या गटाने धान्य साठवायची हवाबंद पिशवी निवडली. आत जाड प्लास्टिकचे दोन थर, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं. तोंड पिळून घट्ट बांधलं की आतले किडे उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि मग त्यांची वाढच थांबते. अशी पिशवी 1980 च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी तयार झाली होती. आमच्या हिंगणघाटकडच्या गावांत मात्र मी ती कोणाच्या घरी पाहिलेली नाही.

गटातल्या मित्राने पहिलं वाक्य लिहून आणलं: ‘शेतकऱ्यांचं धान्य सुरक्षित ठेवणारी, दर्जेदार आणि परवडणारी पिशवी.’ ऐकायला छान. सरांनी सांगितलेली सगळ्यात सोपी परीक्षा त्याला लावली. आपल्या वस्तूचं नाव खोडायचं, दुसऱ्याचं टाकायचं आणि वाक्य अजूनही खरं वाटतं का ते पाहायचं. ‘पिशवी’ खोडून ‘पत्र्याची कोठी’ लिहिलं, वाक्य जसंच्या तसं खरं. जे वाक्य कोठीवालाही आपल्या पाटीवर लिहू शकतो, ते आमचं कसं?

मग ‘धान्य’ या शब्दालाच हात घातला, कारण सगळा घोळ तिथेच होता. रोज लागणारी डाळ या पिशवीत ठेवून उपयोग नाही, दर उघडण्यासरशी हवा आत जाते. विकायचा हरभरा तर बहुतेकांच्या घरून मळणी होताच बाजारात जातो, उधारी वाट पाहत असते. राहिलं पेरणीचं बी. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत कोणी त्याला हात लावत नाही, आणि ह्याच मधल्या पावसाळ्यात भुंगा त्याचं पीठ करतो. भुंग्याची अंडी पुष्कळदा शेतातूनच, घाट्यांसोबत येतात. अळी दाण्याच्या आत वाढते, त्यामुळे पोतं वरून चांगलं दिसतं. दाण्यावर टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक दिसलं, म्हणजे भुंगा खाऊन बाहेर पडून गेलेला असतो.

गिऱ्हाईक ठरलं: जॅकी किंवा दुसऱ्या वाणाचं घरचं बी राखणारा शेतकरी. दरसाल महाबीजची बॅग आणणाऱ्याला आमची पिशवी कशाला? त्याला यादीतून काढलं तेव्हा मित्राचा चेहरा पडला, त्याला गिऱ्हाईक कमी झाल्यासारखं वाटलं. मला तेच हवं होतं.

आता समोरचे पर्याय. धुरीची गोळी, तेल चोळून कोठीत ठेवणं, कडुनिंबाचा पाला आणि राख, आणि आमची पिशवी. चौघांच्या चार चिठ्ठ्या केल्या. नाव कुणाचंच नाही, फक्त काय करावं लागेल, काय मिळेल आणि पन्नास किलोला खर्च किती. पिशवीची किंमत आम्ही 150 रुपये धरली, दोन हंगाम टिकेल असं धरून हंगामाला 75. तेल किलोला 5 मिली, म्हणजे पन्नास किलोला पाव लिटर. भाव लिटरला 160 धरला तर 40 रुपये. गोळी तेलाहूनही स्वस्त.

इथे मजा आली. आम्ही मोठ्या अभिमानाने ‘विषमुक्त’ लिहिलं होतं. गोळीपुढे तो फरक खराच आहे. तिच्यातून निघणारा फॉस्फिन वायू माणसाचाही जीव घेतो, आणि नियमाने ती जाणकाराच्या देखरेखीखालीच वापरायची असते. पण तेल आणि पाला हेही विषमुक्तच, त्यांच्यापुढे आमचा हा मुद्दा बरोबरीचा झाला. म्हणजे एकच फरक सगळ्यांसमोर चालत नाही. तेलवाल्याला विचारायचा प्रश्न वेगळा: जास्तीचे 35 रुपये कशाचे? उत्तर असं निघालं की तेल प्रत्येक दाण्याला लागेपर्यंत चोळत बसावं लागतं आणि त्याचा जोर महिन्यागणिक ओसरतो. गोळीचंही तसंच, वायू उडून गेला की मागे काही उरत नाही, नवा भुंगा खुशाल आत शिरतो. दोघांनाही लागू पडणारा फरक मिळाला: एकदा बांधलं की पेरणीपर्यंत पुन्हा काही करायचं नाही.

दुपारी चिठ्ठ्या घेऊन शेजारच्या काकूंकडे गेलो. ‘आवडली का?’ हे विचारायचंच नाही, असं आधीच ठरवलं होतं. आपल्याकडे दारात आलेल्या पोराला कोणी नाही म्हणत नाही, ‘लय चांगलं हाय बाप्पा’ म्हणून चहा पाजतात. त्याऐवजी हातात हरभऱ्याचे दहा दाणे दिले. ज्या चिठ्ठीवर जितका भरवसा, तितके दाणे तिच्यावर ठेवा. काकूंनी आधी दाणेच निरखले, एक भोकाचा निघाला तो बाजूला टाकून दुसरा मागितला. मग पाच तेलावर, चार पिशवीवर, एक पाल्यावर. गोळीवर शून्य. गोळीची चिठ्ठी बोटाने दूर सारून म्हणाल्या, ‘हे घरात नोको. लेकरं हायेत.’

‘मंग तेलावर एक जास्त काऊन?’ मी विचारलं.

‘तेल घरातच हाय. अन् तुयी थैली उंदरानं कुरतडली तं?’

उत्तर नव्हतं, कारण उंदीर प्लास्टिक कुरतडतोच, आणि एक भोक पडलं की पिशवी हवाबंद राहत नाही. काकांनी दाणे ठेवण्याआधी एक दाणा दाताखाली घेतला, कट्ट आवाज आला तसा म्हणाले, ‘हा वायलेला हाय. वला असला तं थैलीत सडन.’ तेही खरं. हरभऱ्याच्या प्रमाणित बियाण्याला ओलाव्याची मर्यादा 9 टक्के आहे, पण हवाबंद पॅकिंगमध्ये ती 8 वर येते. आतला ओलावा बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून बी आधीच जास्त वाळवावं लागतं. दात एवढा बारीक फरक सांगणार नाही, त्याला ओलावा मोजायचं यंत्र हवं.

चार-पाच घरांच्या दाण्यांवरून बाजार कळत नाही, हे अहवालात स्पष्ट लिहिलं आहे. शिवाय आमची पिशवी खरंच काम करते का, हे चिठ्ठी सांगूच शकत नाही. त्यासाठी ऑक्टोबरात प्रत्येक पद्धतीतले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजायचं. प्रमाणित बियाण्याला किमान 85 उगवावे लागतात. आमची पिशवी त्याखाली आली तर वाक्य कितीही सुबक असो, ते खोटं.

रात्री शेवटचा मसुदा असा झाला: ‘घरचं हरभऱ्याचं बी राखणाऱ्या शेतकऱ्यासाठी: गोळी न आणता, एकदाच बांधून, भुंग्यापासून पेरणीपर्यंत राखणारी पिशवी. बी मोजून वाळवलेलं हवं. उंदरांपासून वेगळी सोय करावी.’

शेवटची दोन वाक्यं काढ, असं मित्राचं म्हणणं आहे, विकायच्या वस्तूचे दोष आपणच कशाला सांगायचे? पण काकूंनी तेलाला दिलेला तो पाचवा दाणा उंदरामुळेच गेला होता. मी दोन्ही ठेवली आहेत, आणि खर्चाच्या रकान्यात पिशवी टांगायच्या दोरीचे पैसे धरले आहेत.